फुलाचा क्लोजअप पुरतो? तरोट्याचंच बघा ना

"निसर्गनोंदीच्या अॅपवर रानफुलाचा एक स्पष्ट क्लोजअप टाका, झालं. फूल दिसलं की नाव कळतं, जागा जीपीएस सांगतो, तारीख फोनमध्ये असतेच. नोट्स लिहित बसायची गरज नाही."

फुलावरून नाव कळतं म्हणता ना, तर आपला तरोटाच घ्या. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो तो सेन्ना टोरा, आणि त्याच्यासारखाच दुसरा सेन्ना ऑब्टुसिफोलिया. दोघांची पिवळी फुलं सारखीच आणि पानांच्या जोड्याही बहुतेक तीनच. फरक पानाच्या मधल्या दांड्यावर असतो, पानांच्या जोडीमधे काडीसारखी बारीक ग्रंथी असते, टोरात ती खालच्या दोन जोड्यांमधे दिसते, ऑब्टुसिफोलियात फक्त सगळ्यात खालच्या जोडीत. फुलाचा देठही टोरात आखूड असतो, दुसऱ्यात दोनेक सेंटीमीटर किंवा जास्त लांब. आता क्लोजअपमध्ये यातलं काय दिसणार सांगा?

मागच्या सप्टेंबरात नागपूरला हिंगणा रोडच्या कडेला मी एकाच झाडाचे चार फोटो काढले. अख्खं झाड, मग पानं हाताने बाजूला करून दांड्याचा वरून, मग फूल बाजूने देठासकट, शेजारी स्केल धरून, आणि शेंग. ग्रंथी एकच होती, देठ सव्वादोन सेंटीमीटर, म्हणजे ऑब्टुसिफोलिया. माझ्या आधीच्या नुसत्या फुलांच्या नोंदी अजून सेन्ना या गटनावावरच अडकल्यात आणि कोणी नेमक्या जातीपर्यंत पुढे नेऊच शकत नाही. दांड्याचा फोटो सकाळी काढा बरं, संध्याकाळी पानं मिटतात आणि ग्रंथी झाकते.

जीपीएस ठिपका देतो, पण ठिपक्याची अचूकता ५०० मीटर असली तर अंबाझरीला त्यात पाणी, बगीचा, रस्ता, झुडपं सगळंच येतं, मग झाड कुठलं धरायचं? म्हणून मी लिहिते, "रस्त्याकडेचा मुरमाचा भराव, पूर्ण ऊन, सोबत गाजरगवत, आपोआप उगवलेलं". हे शेवटचं लिहायलाच हवं, कारण रस्त्याकडेचा बहावा लावलेला असतो आणि तसं मार्क केलं नाही तर तो रानातला म्हणून मोजला जातो.

तारखेचं तर सगळ्यात जास्त बिघडतं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख-जागा राहत नाही, मग सप्टेंबरचं फूल जानेवारीत अपलोड केलं आणि तारीख हाताने दुरुस्त केली नाही की नोंदीत तरोटा जानेवारीत फुलतो! आणि तारीख बरोबर असली तरी एका फुलावरून बहर सुरू झाला की संपत आला हे कळत नाही. मी दहा झाडं बघून लिहिते: चारला फक्त कळ्या, पाचला फुलं, एकावर हिरव्या शेंगा. फूल नसेल तेव्हाही "फूल नाही" असं नोंदवते, कारण बहर कधी सुरू झाला हे आधीच्या रिकाम्या नोंदींशिवाय सांगता येत नाही.