11 वरून 16: त्यातले किती गुण शिकवण्याचे?

«आमच्या केंद्रातला प्रयोग, सर्व शिक्षकांनी वाचावा व पुढे पाठवावा. 230 मुलांची पायाभूत चाचणी घेतली, सरासरी 40 पैकी 22. ज्यांना 15 किंवा त्याहून कमी गुण होते अशी 48 मुलं वेगळी काढली. तीन आठवडे रोज अर्धा तास आमच्या पद्धतीने उजळणी घेतली. पुन्हा चाचणी घेतल्यावर त्यांची सरासरी 11 वरून 16 झाली! 48 पैकी 38 मुलं वर गेली. ज्यांच्याकडे वेगळं लक्ष दिलं नाही ती वरच्या गटातली मुलं मात्र 33 वरून 30 वर आली. लक्ष दिलं की मूल वाढतं, सोडलं की घसरतं. आणि एक अनुभव: ज्यांना रागावलो ती सुधारली, ज्यांना शाबासकी दिली ती पुढच्या वेळी ढेपाळली.»

हा निरोप गेल्या पंधरवड्यात मला चार गटांतून आला. एकदा तर आमच्याच शाळेतल्या बाईंनी पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘सर, आपणही करू या.’ करू या, माझी ना नाही. पण आकडे काय सांगतात ते आधी पाहू. मी परभणीकडे गणित शिकवतो, आणि बारा वर्षांपूर्वी नेमक्या अशाच आकड्यांवर शिक्षण परिषदेत शाल-नारळ घेऊन आलेलो आहे. त्यामुळे हे बोलणं कुणा एकावर नाही.

पहिला आणि मोठा मुद्दा 11 वरून 16 चा. 15 च्या खालची मुलं आपण निवडली, तेव्हा खरं तर दोन गोष्टी एकदम निवडल्या: ज्यांना कमी येतं अशी मुलं, आणि त्या दिवशी ज्यांचं बिनसलं होतं अशी मुलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर रात्रभर जागलेला पोरगा, अंगात कणकण असलेली पोरगी, ‘नसलेला पर्याय’ विचारलाय हे न वाचता ‘असलेला’ निवडणारा. त्यात चार पर्यायांचे प्रश्न. समजा एका मुलाला 40 पैकी चारच प्रश्नांची उत्तरं खरोखर येतात आणि उरलेल्या 36 ला तो अंदाजे टिचक्या मारतो. अंदाजाचे सरासरी 9 लागतील, म्हणजे एकूण 13. पण हा सरासरीचा हिशोब झाला. त्याच मुलाला एका दिवशी 8 आणि दुसऱ्या दिवशी 18 पडले तरी त्यात नवल काही नाही. दोन्ही दिवशी त्याला येत तेवढंच होतं. 18 च्या दिवशी तो तुमच्या यादीत येत नाही, 8 च्या दिवशी येतो.

म्हणजे यादीत दुर्दैवाची बाजू जास्त भरली जाते. दुसऱ्या चाचणीत ज्ञान तेवढंच राहतं, पण दुर्दैव काही त्याच मुलांच्या मागे लागून येत नाही, ते पुन्हा सगळ्यांत वाटलं जातं. म्हणून गटाची सरासरी आपोआप वर येते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, पुस्तकात प्रतिगमन.

पटत नसेल तर वर्गात चिंचोक्यांवर करून बघा. चिंचोके फोडून एक बाजू पांढरी, एक तपकिरी. 40 मुलांनी प्रत्येकी 10 फाका टाकायच्या, जितक्या पांढऱ्या वर तितके गुण. पांढरी निम्म्या वेळा पडते असं धरलं, तर 3 किंवा कमी गुणांची साधारण 7 मुलं निघतील आणि त्यांची सरासरी असेल 2.6 च्या आसपास. त्या सातांना समोर बोलवा, फाका कशा टाकायच्या यावर पाच मिनिटं भाषण द्या आणि पुन्हा टाकायला सांगा. सरासरी 5 च्या जवळ येईल. भाषणाने गुण जवळपास दुप्पट! (तुमच्या फाका पांढऱ्या जरा जास्त किंवा कमी पडत असतील, आकडे थोडे हलतील, गोष्ट तीच.) चिंचोक्यात सगळंच नशीब असतं म्हणून सगळी मुलं पूर्ण सरासरीवर परततात. परीक्षेत नशीब थोडं आणि ज्ञान जास्त, म्हणून ती अर्धवट परततात.

किती अर्धवट, याचं सूत्र सोपं आहे. तीच मुलं न शिकवता दोनदा तपासली, तर दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ किती बसतो ते 0 ते 1 मध्ये मोजतात. त्याला सहसंबंध म्हणतात. शाळेतल्या 40 गुणांच्या छोट्या पेपरला 0.7 धरू, हे मी उदाहरणासाठी घेतो आहे. गट 22 च्या सरासरीपासून 11 गुण खाली आहे. 11 ला 0.7 ने गुणलं की 7.7. म्हणजे दुसऱ्या वेळी काहीही न शिकवता तो 22 पासून 7.7 खाली असेल: 14.3 वर.

11 वरून 14.3 फुकट आले. 14.3 वरून 16 ला जे 1.7 गुण लागले, ते शिकवण्याचे असू शकतात. मी त्यांना शून्य म्हणत नाही. 48 मुलांच्या सरासरीत एवढा हेलकावा नुसत्या योगायोगाने क्वचितच पडतो, तेव्हा 1.7 हा उंबरठ्यावरचा आकडा आहे. पण सहसंबंध 0.6 निघाला तर फुकटचा भाग 15.4 पर्यंत जातो आणि श्रेयाला उरतात 0.6 गुण. 0.8 निघाला तर 13.2, म्हणजे गुरुजींच्या वाट्याला 2.8. हा एक आकडा न मोजता 5 गुणांचं श्रेय घेणं म्हणजे शेजाऱ्याचं पीक मोजून आपला उतारा सांगण्यासारखं आहे.

48 पैकी 38 वर गेली, हे ऐकायला भारी वाटतं. पण वरच्याच हिशोबाने, अजिबात शिकवलं नसतं तरी 48 पैकी साधारण 33 मुलं आधीपेक्षा जास्त गुण घेऊन आली असती. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवण्यासारखं नाही.

आता हुशार मुलांची घसरण. इथे तर निरोप लिहिणाऱ्याने स्वतःच पुरावा हाती दिला आहे. वरचा गट सरासरीपासून 11 गुण वर होता. सूत्र तेच: 7.7 वर, म्हणजे 29.7. निरोपात आहे 30. त्या मुलांना कुणी सोडलं नाही की दुर्लक्ष केलं नाही. पहिल्या दिवशी ज्यांचे अंदाज लागले तीच मुलं वरच्या यादीत जास्त भरली होती आणि दुसऱ्या दिवशी अंदाज सगळ्यांसारखे लागले, इतकंच. खालची मुलं जेवढी वर येतात तेवढीच वरची खाली येतात, एकाच नाण्याच्या दोन बाजू. एक बाजू यश आणि दुसरी दुर्लक्ष म्हणून मांडली, की दोन गोष्टी तयार होतात.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये उंचीबद्दल हेच मांडलं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण आईबापांइतकी नाहीत, सरासरीपासूनचा फरक सुमारे दोन-तृतीयांश उरतो. मग गंमत अशी की उलट बाजूने पाहिलं तर फार उंच मुलांचे आईबापही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ निघतात. मुलाची उंची काही मागे जाऊन बापाला घडवत नाही. म्हणजे हे कारण-परिणामाचं नातं नव्हेच, मोजमापाचा गुण आहे.

यातूनच तुमच्या आकड्यांची तपासणी निघते, आणि त्यासाठी नवी चाचणी लागत नाही. दुसऱ्या चाचणीत जी मुलं तळाला आहेत ती निवडा आणि त्यांचे पहिल्या चाचणीतले गुण काढा. दुसऱ्या वेळी 11 सरासरी असलेला गट पहिल्या वेळी 14 च्या आसपास सापडेल. मग तीन आठवड्यांत शिकवण्याने त्यांचं नुकसान झालं म्हणायचं का? दुसरी खूण पसाऱ्याची. खालची मुलं खरंच वर आली आणि वरची खरंच खाली आली असती तर दुसऱ्या वेळी 230 मुलांचे गुण एकमेकांच्या जवळ गोळा झाले असते. दोन्ही वेळचा पसारा सारखाच असेल, तर मुलांनी फक्त जागा बदलल्या.

याचा उलटा गैरसमजही असतो, तोही काढून टाकू: सगळी पोरं हळूहळू मधल्या गुणांकडे ओढली जातात असं मुळीच नाही. त्याच 48 मुलांची, काही न शिकवता, तिसरी चाचणी घ्या. ती 14.3 च्या जवळच राहतील, पुढे 17 आणि मग 19 असं चढत नाही. उडी एकदाच, निवडीनंतरच्या पहिल्या चाचणीत.

रागावण्याचा अनुभव मात्र मला गंभीर वाटतो, कारण त्याची किंमत पोरांच्या पाठीला मोजावी लागते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते, तेव्हा एका अनुभवी प्रशिक्षकाने अगदी हेच ऐकवलं: कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, ओरडलं की सुधारतं. आपण रागावतो कधी? मूल त्याच्या नेहमीपेक्षा वाईट करतं तेव्हा. पुढच्या वेळी ते बहुधा नेहमीसारखं करतं, आणि श्रेय ओरडण्याला मिळतं. शाबासकीचं उलटं. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भरपूर पाऊस झाला. त्या उन्हाळ्यात ज्याने ज्या देवाला साकडं घातलं, त्याला तो देव पावला. साकडं कुणी चांगल्या पावसाच्या वर्षी घालत नाही.

मग बाई म्हणतात तसं आपण करायचं कसं? 48 जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका आणि 24-24 चे दोन गट पाडा. एका गटाला आता तीन आठवडे शिकवा, दुसऱ्याला पुढचे तीन आठवडे. दोघेही निवडलेले, दोघांचंही पहिल्या दिवशीचं दुर्दैव सारखं, म्हणून परतीचा भाग दोन्हीकडे सारखाच येईल आणि पहिल्या तीन आठवड्यांनंतरचा फरक शिकवण्याचा धरता येईल. गट लहान आहेत, तेव्हा एक-दीड गुणाच्या फरकावर लगेच निरोप लिहायला बसू नका, दोन-तीन केंद्रांचं एकत्र करा. चिठ्ठ्या जमत नसतील तर निदान निवडीसाठी एक चाचणी आणि सुरुवातीचा गुण म्हणून वेगळी दुसरी चाचणी घ्या, उडी त्या दोघींच्या मध्येच होऊन जाते. पेपर मात्र तोच नको, नाहीतर पाठ झालेली उत्तरं तिसरा हिशोब उघडतात.

आणि तारीख सांभाळा. बीड, धारूर, पाथरीकडच्या वस्त्यांवरून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुलंही सोबत जातात, आणि जाणाऱ्यांत खालच्या यादीतली नावं जास्त असतात. पहिल्या सरासरीत ती मोजलेली आणि दुसऱ्या सरासरीत नसलेली, एवढ्यानेच गट वर गेलेला दिसतो. तेव्हा शेवटची चाचणी टोळ्या निघायच्या आत घ्या, आणि दोन्ही वेळा हजर होती त्याच मुलांची बेरीज करा.