विटेच्या सांध्यासाठी रात्रभर मशीन तापवायची काऊन?

राजेहो, आता बस्स झालं. परत तेच. वर्ध्याकडच्या एका फार्महाऊसच्या एलिव्हेशनचं थ्रीडी रेंडर आहे, खाली काळ्या दगडाचं जोतं, वर उघडी वीट. फाईल तयार करून दिली, तर नागपूरहून फोन, "भाऊ, विटेला डिस्प्लेसमेंट नाही का लावलं? मंग रियल कसं दिसन?"

कसं दिसन म्हणजे? फ्रेम पाहिली का आधी?

डिस्प्लेसमेंट म्हणजे हाईट मॅप नावाच्या उंचीच्या चित्रानुसार मॉडेलचा पृष्ठभाग खरोखरच आतबाहेर सरकवणं. ते कुठं लावायचं याचा साधा हिशेब आहे, पण कोणी करतच नाही. रेंडर १९२० पिक्सेल रुंद आणि त्यात भिंत दिसते १२ मीटर. म्हणजे एका पिक्सेलात सव्वासहा मिलिमीटर. विटांमधला सांधा १० मिलिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम दीड पिक्सेल. खोली ८ मिलिमीटर. या दीड पिक्सेलासाठी खरी भूमिती हलवायची? १२ बाय ३ मीटरची भिंत दर २ मिलिमीटरला तोडली तर ९० लाख चौकोन होतात. कूलरसमोर ठेवलेली माझी मशीन तेवढ्यात रॅम खाऊन बसते, आणि रेंडर ८० टक्क्यांवर आला की इकडे लाईन जाते. नागपुरात एसीत बसून "लाव ना बे" म्हणायला काय जाते!

तिथं बंप पुरतो. बंप पृष्ठभाग हलवत नाही, फक्त उजेड कुठल्या कलानं पडतो ते बदलतो. त्यामुळे सांध्यात स्वतःची सावली पडत नाही, हे खरं. पण सांध्याचा गडद रंग रंगाच्या मॅपमध्ये असतोच, आणि दीड पिक्सेलात डोळा तेवढंच पाहतो.

दगडाची गोष्ट वेगळी, आणि नेमकं हेच कोणाला पटत नाही. त्याच फ्रेममध्ये, तितक्याच अंतरावर जोत्याचे दगड ४० मिलिमीटर पुढे आलेले. सकाळी अकराचं आपलं ऊन भिंतीवरून घासत उतरतं, भिंतीशी साधारण २० अंशांचा कोन. ४० मिलिमीटरच्या उठावाची सावली तिथं ११० मिलिमीटर पडते, म्हणजे सतराएक पिक्सेल. ही सावली बंप जन्मात देणार नाही आणि नॉर्मल मॅपही नाही. जोत्याच्या कडेची रेषाही सुतासारखी सरळ राहते, दगड नाही, वॉलपेपर वाटतो. म्हणून डिस्प्लेसमेंट जोत्याला, वीट बंपवर. 'जवळ असेल तर लावा, लांब असेल तर नको' हा नियम ज्यानं पसरवला त्याला माझा दंडवत. उठाव आणि त्याची सावली किती पिक्सेल होते ते मोजा ना!

वीट डिस्प्लेसमेंट मागते ती एकाच शॉटला. दाराजवळच्या कोपऱ्याचा क्लोजअप, फ्रेममध्ये सव्वा मीटर भिंत. तिथं तोच ८ मिलिमीटरचा सांधा बारा पिक्सेल खोल होतो आणि कोपऱ्यावर विटांचे दाते दिसायलाच पाहिजेत. तर तेवढाच पट्टा वेगळा काढून त्याला लावा, बाकीची भिंत राहू द्या. कोपऱ्याचे शिरोबिंदू मात्र जोडलेले ठेवा. दोन बाजू सुट्या असल्या की प्रत्येक आपापल्या दिशेनं सरकते आणि मधून उभी फट पडते.

आणि ते नॉर्मलवाले! "नॉर्मल बंपपेक्षा भारी असते." ना बाप्पा. तोही उजेडच वळवतो, भूमिती तसूभर हलत नाही. स्कॅनमधून अचूक उतार बेक केलेला असेल तर छान, नाही तर बंप बरा, जोर कमीजास्त करायला सोपा. त्यात नागपूरहून पाठवलेल्या नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल उलटा. वरून लाईट टाकला तर विटेची वरची कड उजळायला पाहिजे, इथं खालची उजळते, विटा आत आणि सांधे बाहेर. हे पाहायला दहा सेकंद लागतात, पण पाहील कोण?

कळस म्हणजे त्याच हाईट मॅपवरून काढलेला नॉर्मल पुन्हा डिस्प्लेसमेंटवर चढवतात. एकच उतार दोनदा मोजला जातो आणि दगड तेलकट, टोकदार दिसायला लागतो. मोठा उठाव डिस्प्लेसमेंटमध्ये आणि त्यात न मावणारा बारीक दाणा बंपमध्ये, असं वाटून द्या.

वर हाईट मॅप ८ बिटचा जेपेग. ४० मिलिमीटरचा उठाव २५६ पायऱ्यांत, त्यावर जेपेगची घाण. घासत्या उन्हात दगडावर धुऱ्यासारख्या रेषा उमटतात, आणि पुन्हा फोन, "भाऊ, दगडाले हे काय झालं?" १६ बिटची फाईल पाठवा, ती Non-Color म्हणजे रंग नाही, नुसते आकडे म्हणून वाचायची असते हेही लक्षात ठेवा, मग विचारा.

या खेपेला मी जोत्याला डिस्प्लेसमेंट, भिंतीला बंप आणि कोपऱ्याचा पट्टा वेगळा अशीच फाईल पाठवली आहे. भिंतीवर डिस्प्लेसमेंट पाहिजेच असेल तर रेंडर तुमच्या मशीनवर लावा आणि लाईटचं बिलही तुम्हीच भरा.