यादी अर्जात, रात्र निबंधात

“काका, आई-बाबा ऊसतोडीसाठी कारखान्याला गेले की लहान भाऊ मीच सांभाळते, घरही मीच बघते. हे निबंधात लिहू का? लिहायला बसले की नुसती कामांची यादी होते, आणि नाही लिहिलं तर माझ्याकडं दुसरं काहीच नाही.”

हा प्रश्न बीड जिल्ह्यातील एका बारावीच्या मुलीने मला फोनवर विचारला. मी मूळचा परभणीकडचा असून अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो, आणि गावाकडची जी मोजकी मुले इकडच्या महाविद्यालयांसाठी अर्ज करतात त्यांचे मसुदे वाचून देतो. तिने पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात पहाटे उठण्यापासून रात्री अंथरुणे घालण्यापर्यंत सगळे होते, प्रत्येक वाक्य ‘करते’ने संपत होते, आणि ती मुलगी मात्र त्यात कुठेच दिसत नव्हती.

तिचे उत्तर देण्यापूर्वी एक साधी तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण निम्मा घोळ तिथेच मिटतो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये ज्या ‘कॉमन अ‍ॅप’वरून अर्ज घेतात, त्यात मुख्य निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे, पण त्याशिवाय उपक्रमांचा एक वेगळा तक्ता असतो. त्यात दहा नोंदी करता येतात, आणि खेळ, संगीत, नोकरी यांच्या बरोबरीने ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असाही एक प्रकार त्यात निवडता येतो. नोंदीच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरे मिळतात, पण आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे हे वेगळे विचारले जाते. ऊसतोडीचा हंगाम याच रकान्यात बरोबर बसतो. तिने आठवड्याला 25 तास आणि वर्षाला 22 आठवडे असे भरले आणि वर्णनात एवढेच लिहिले, की पालक हंगामी मजुरीसाठी बाहेरगावी असताना आजीसोबत लहान भावाची शाळा, जेवण व आजारपण बघते आणि घरखर्चाचा हिशेब ठेवते. यादीचे काम तिथेच संपले आणि निबंध मोकळा झाला.

आता प्रश्न उरतो तो निबंधात काय लिहायचे हा, आणि तिथे आपल्याकडचा नेहमीचा वाद आडवा येतो. धाकट्यांना सांभाळणे हा संस्कार आहे, त्यातूनच मूल जबाबदार होते, असे एक बाजू म्हणते, तर हे बालपण हिरावून घेणे आहे आणि तेही मुख्यतः मुलींचे, असे दुसरी म्हणते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे पोकळ नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटांचा वेळ त्यात गेला, पुरुषांचा 88 मिनिटांचा. तरीही मला असे वाटते की दोन्ही बाजू शेवटी कामेच मोजतात. एक त्यांचे पुण्य मोजते, दुसरी अन्याय. एखाद्या निर्णयाचा भार कुणावर पडला, तो निर्णय कसा घेतला गेला आणि त्याचा जाब नंतर कुणाला द्यावा लागला, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. जबाबदारी दिसते ती मात्र तिथेच.

इकडे हा विषय वेगळ्याच बाजूने हाताळला जातो. अमेरिकन रेड क्रॉसचा मुले सांभाळण्याचा अभ्यासक्रम अकरा वर्षांपासूनची मुले घेतात, आणि शेजारच्यांचे मूल संध्याकाळी दोन-तीन तास सांभाळण्याचे पैसे मिळतात. दुसरीकडे मेरीलँडचा कायदा म्हणतो की आठ वर्षांखालील मुलाला घरात सोडून जायचे असेल तर त्याच्याजवळ किमान तेरा वर्षांची विश्वासू व्यक्ती हवी. तिच्या मसुद्यात “दहा वर्षांची असल्यापासून मी एकटीने भावाला सांभाळते” असे वाक्य होते. गावाकडे हे वाक्य कौतुकाने वाचले जाईल. इथे वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा पालकांच्या निष्काळजीपणाची शंका येईल. खरी गोष्ट अशी होती की घरात आजी होती, भिंतीपलीकडे चुलती होती आणि वाडीत आशाताई होती. पराक्रम मोठा दिसावा म्हणून या तिघींना तिने मसुद्यातून काढून टाकले होते, आणि त्यामुळेच तो पराक्रम संशयास्पद झाला होता.

मी तिला विचारले, की आजीचे आणि तुझे पटले नाही असे कधी झाले का? थोडा वेळ थांबून तिने जे सांगितले ते मसुद्यात एका ओळीनेही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी माघात, आई-वडील टोळीबरोबर सांगलीकडे असताना, भावाला संध्याकाळपासून जुलाब सुरू झाले. आजीचे म्हणणे होते की पाणी देऊ नको, दिले की बाहेरच पडते. आशाताईने दिलेली ओआरएसची दोन पाकिटे फडताळात होती आणि एक पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचे, हे तिच्या लक्षात होते. तांब्यात किती पाणी मावते याची खात्री नसल्याने तिने लिटरची रिकामी बाटली शोधली, कारण पाणी कमी पडले तर ते द्रावण जास्त खारट होऊन उलट अपाय करते. भावाने पहिले काही चमचे उलटून टाकले तेव्हा आजी म्हणाली, “बघ, सांगत होते ना?” तिने दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश, चमचा-चमचा द्यायला सुरुवात केली. आजी रागावली, पण झोपली नाही. पहाटे पोराचे डोळे खोल गेलेत हे आधी आजीच्याच लक्षात आले. रात्रभर त्याला लघवी झालेली नव्हती आणि तो सुस्त पडू लागला होता. मग वाट न बघता चुलत्याला उठवून, त्याच्या मोटारसायकलवर मधे धरून त्याला आरोग्य केंद्रात नेले आणि तिथे सलाइन लागले.

त्या रात्री तिने आईला फोन केला नाही. केला असता तर आई कोपीवरून तशीच निघाली असती, कोयता, म्हणजे आई-बाबांच्या जोडीचे काम, बंद पडून खाड्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीत चढले असते, आणि आई पोहोचेपर्यंत काय व्हायचे ते होऊन गेले असते. हा सगळा हिशेब पंधरा वर्षांच्या मुलीने चुलीजवळ बसून केला होता. सकाळी सलाइन लागल्यावर तिने फोन केला तेव्हा आई रडली नाही, चिडली. “माझं लेकरू आहे, मला विचारायचं नाही?” असे म्हणून तिने दोन दिवस लेकीशी बोलणे टाकले.

माझ्या मते निबंध इथे आहे. इथल्या आमच्या गावच्या ग्रंथालयात येणाऱ्या एका निवृत्त बाई पुष्कळ वर्षे प्रवेश-अर्ज वाचण्याचे काम करत होत्या. त्यांना मी हा प्रसंग सांगितला. ओआरएसबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. आजीला नंतर काय वाटले आणि आईचा राग त्या मुलीला आज योग्य वाटतो का, एवढेच त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे असे, की सगळे बरोबर करणारे मूल अर्जांत रोजच भेटते, मात्र आपला निर्णय दुसऱ्याच्या बाजूने पाहू शकणारे मूल क्वचित भेटते, आणि वसतिगृहात, प्रयोगशाळेत उपयोग त्याचा असतो.

मुलीला लातूरला मार्गदर्शन करणाऱ्या सरांचे मत वेगळे पडले. दुष्काळ लिहा, टँकर लिहा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे, असे ते म्हणतात. त्यांचे अर्धे बरोबर आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत बांधली जाते, हे इथल्या वाचकाला ठाऊक नसते आणि त्यावाचून फोन न करण्याचा अर्थ लागत नाही. मात्र त्यासाठी दोन वाक्ये पुरतात. परिस्थिती अधिक सांगायची असेल तर अर्जात त्यासाठी वेगळी जागा असते, आणि सरांचे शिफारसपत्रही तिथेच कामाला येते. निबंधात दुष्काळच चार परिच्छेद बोलत राहिला तर मुलगी पुन्हा दिसेनाशी होते.

माझ्या बहिणीला हा सगळाच खटाटोप पटलेला नाही. “आम्ही तुला आणि धाकट्याला कडेवर वागवलं, आम्हाला कुणी निबंध विचारला?” असे ती म्हणाली आणि मग तिची शाळा सातवीत कशी सुटली ते तिने सविस्तर सांगितले. तिचा प्रश्न मी मांडत होतो त्या विषयाचा नव्हता, पण मी तो बाजूला सारू शकत नाही. ज्या मुलीची शाळा या कामाने सुटली ती अर्ज करण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून आमच्यासारख्यांच्या वाचनात येतात ते फक्त निभावून नेलेल्यांचे निबंध. ‘घरकामाने जबाबदारी येते’ या मताला असे निबंध पुरावा म्हणून कुणी वापरू नयेत. त्या मुलीलाही मी सांगितले, की त्या आठवड्यात बुडालेली चाचणी लिही, पण ‘त्यामुळे मी घडले’ हे वाक्य लिहू नको.

प्रत्येकाजवळ अशी रात्र असेल असेही नाही, आणि नसेल तर ती रचू नये. हिंगोलीकडच्या एका मुलाने धाकट्या बहिणीची वेणी घालायला शिकून तिला शाळेत सोडण्याबद्दल लिहिले होते. मित्रांना हे कळू नये म्हणून तो वर्षभर मागच्या गल्लीने जात असे. त्यात आजार नव्हता की संकट नव्हते. एके दिवशी बहिणीने पुढच्या रस्त्याने जायचा हट्ट धरला आणि तो गेला, एवढेच. मला तो निबंध अजून आठवतो.

बीडच्या मुलीचा निबंध सध्या तिसऱ्या मसुद्यावर अडला आहे. आईने तो मराठीत वाचून घेतला आणि आपला राग आहे तसा राहू दिला. वडिलांना मात्र उचलीचा आकडा आणि मुकादमाचा उल्लेख नको आहे, कारण पुढच्या हंगामाला त्याच टोळीत जायचे आहे आणि घरातली गोष्ट परदेशात कशाला, असे त्यांना वाटते. आकडा मी काढायला सांगितला. तो वाचकाला लागतही नाही. मुकादमाचे ते एक वाक्य काढले तर फोन न करण्याचे कारण लंगडे पडते, असे मला आणि ग्रंथालयातल्या बाईंना वाटते, पण तो निर्णय आमचा नाही. मुलगी म्हणते, बाबांशी ती स्वतः बोलेल. अर्जाची मुदत 1 जानेवारीची आहे आणि बाबा दिवाळीनंतर लगेच निघतील, म्हणजे बोलायचे ते त्याआधीच बोलावे लागेल.