अळसांद्यांनी कुणग्याला किती नत्र दिले, हिशेब मांडून बघ

«सर, हा मेसेज आमच्या वाड्यावर सगळ्यांच्या फोनवर आलाय: ‘भातानंतर चवळी किंवा भुईमूग घ्या. मुळांच्या गाठी हवेतले नत्र धरतात, म्हणजे फुकटचा युरिया. शेंगा काढल्या तरी गाठी जमिनीतच राहतात, पुढच्या भाताला खताचा दाणाही लागत नाही. फेरपालट करणाऱ्याची जमीन कधी थकत नाही.’ बाबा म्हणतात, यंदा खत आणायचंच नाही. आपल्या पुस्तकात गाठींचा धडा आहेच, मग हे बरोबर ना?»

पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही. पावसाळी भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे चवळीच, घ्यावेतच. खोडकिडीची साखळी तुटते आणि रान ओसाड पडत नाही. घोळ पुढे आहे.

गाठी नत्र धरतात हेही खरे, पण गाठ दिसली म्हणजे काम चालू आहे असे नाही. गोव्यात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत आपली बरीच जमीन जांभ्याची. इतक्या पावसात तिच्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जाते, माती आंबट होते. सामू साडेपाचच्या खाली गेला की गाठींतले, नत्र धरणारे रायझोबियम जिवाणू मंदावतात आणि त्यांना लागणारे मॉलिब्डेनमही मुळांना नीट मिळत नाही. पुस्तकातले चित्र बघण्यापेक्षा शेतात जा. वेल फुलावर येताना एक झाड कुदळीने मातीच्या ढेकळासकट उचल. ओढू नकोस, गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत मुळे धू आणि दहाएक गाठी ब्लेडने काप. आतून गुलाबी-लालसर असतील तर नत्र धरले जाते आहे. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर त्या वेलाच्या साखरेवर नुसत्या बसून खाताहेत. भाताला घातलेला युरिया मातीत उरला असेल तरीही गाठी कमी दिसतात, कारण तयार नत्र मिळत असताना वेल गाठी पोसण्याचा खर्च करत नाही.

आता शेंगांचे वाक्य. सगळा गोंधळ इथेच आहे, म्हणून आकडे मांडू. तुमच्या घरचा 1000 चौरस मीटरचा कुणगा, म्हणजे भाताचा एक तुकडा, धर आणि अळसांद्यांचे 100 किलो दाणे निघाले असे समज. दाण्यात साधारण 24 टक्के प्रथिने असतात. प्रथिनांच्या वजनाला 6.25 ने भागले की नत्र मिळते, म्हणजे 100 किलो दाण्यांत 3.8 किलो. वाळलेले वेल आणि पाने 150 किलो धरली तर त्यांत अंदाजे 2.7 किलो, मुळे आणि गाठी मिळून 0.6 किलो. एकूण 7.1 किलो झाले.

हे सगळे हवेतून आलेले नाही. गाठी चांगल्या चालल्या आणि साठ टक्के हवेतून आले असे धरू, म्हणजे 4.3 किलो. बाकीचे वेलाने तुमच्याच मातीतून ओढले. तुम्ही दाणे घरी नेले, 3.8 किलो गेले. वेल शेतातच गाडले तर जमिनीच्या खात्यावर जमा उरते अर्धा किलो, म्हणजे जेमतेम एक किलो युरियाइतके. वेल गुरांना घातले तर आणखी 2.7 किलो गेले आणि खाते 2.2 किलोने उणे झाले. गोठ्यातले शेण त्याच कुणग्यात परतले तर थोडी भरपाई होते. आपल्याकडे ते बहुधा माडांच्या आणि पोफळीच्या मुळांशी जाते.

ज्या गाठींवर मेसेजचा एवढा भरवसा, त्या मुळांसकट 0.6 किलोच्या रकान्यात आहेत. आणि भुईमूग? तो आपण उपटतो. शेंगा तोडून पाला गुरांपुढे टाकतो. सगळ्या गाठी शेतात राहिल्याच कुठे?

हे आकडे ठोकताळ्याचे आहेत. तुमच्या शेतात दाणे कमी निघतील, पाला जास्त येईल. पण दाण्यात जाणारा वाटा मोठाच राहतो, कारण झाड शेवटी पानातले नत्र काढून दाण्यातच भरते.

भाताची गरज बघ. सुधारित वाणाला हेक्टरी 100 किलो नत्र धरले तर तुमच्या कुणग्याला 10 किलो लागते. वेल सगळे गाडले तरी त्यातल्या 3.3 किलोपैकी पहिल्या हंगामात भाताच्या हाती फार तर तिसरा हिस्सा ते निम्मे येते. मधे एक गळतीही आहे. मार्चमध्ये वेल गाडले, एप्रिल-मे कोरडे गेले. वळवाचे पाणी पडले की मातीत भराभर नायट्रेट तयार होते. मग चिखलणीसाठी कुणगा भरला की ते एकतर पाण्याबरोबर खाली झिरपते, नाहीतर हवा नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचा वायू करून पुन्हा आकाशात पाठवतात. म्हणून बाबांना सांग, वेल गाडले असतील तर युरियात दोन-तीन किलोची काटकसर करा, पूर्ण बंद नको. दहा किलो नत्राला जवळपास 22 किलो युरिया लागतो, त्यातले हे दोन-तीन.

राहिले जमीन न थकण्याचे. हवेत नत्र आहे, स्फुरद आणि पालाश नाही. कुठलेही कडधान्य ते तयार करू शकत नाही. आपल्या जांभ्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, आणि गाठींना तर स्फुरद भरपूर लागते. भाताने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग पेंढ्यात असतो. पेंढा विकला की तोही गेला. खत बंद केल्यावर पहिल्या वर्षी पीक कदाचित बरे दिसेल आणि मेसेज खरा वाटेल. नंतर भाताची जुनी पाने टोकाकडून आणि कडेने पिवळी होऊन करपू लागली, तर तो पालाशाचा तुटवडा असू शकतो. खूप लोक त्याला रोग समजून फवारणी करत बसतात.

खरोखरच युरिया कमी करायचा असेल तर दाण्यासाठी न घेतलेले पीक गाडा. धैंचा साधारण 45 दिवसांचा, खोड कोवळे असताना चिखलात दाबला तर त्यातले काहीच घरी जात नाही, सगळे शेतात राहते. अडचण वेळेची. जुलैत लावणी करायची तर तो मेच्या मध्यापासून अखेरपर्यंत पेरायला हवा, आणि तेव्हा पाणी असेलच असे नाही. त्यापेक्षा मेरेवरच्या, म्हणजे बांधावरच्या, गिरिपुष्पाचा ओला पाला सोपा. एका कुणग्याला 500 किलो पाला दिला तर सुमारे तीन किलो नत्र मिळते. पण तो तोडून वाहून आणायला माणसे लागतात, हेही बाबांना आधीच सांग.

आता करायचे ते असे. पावसाआधी मातीचा नमुना कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत दे. सामू फार खाली आला तर ते सांगतील तेवढा चुना अळसांदे पेरायच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळा. तो युरियाबरोबर एकाच वेळी टाकू नका, अमोनिया उडून जातो. स्फुरद आणि पालाश अहवालाप्रमाणे द्या. युरिया कमी करताना कुणग्याचा एक कोपरा मेरेने वेगळा करून तिथे पूर्ण मात्रा ठेवा. फुटवे येताना दोन्हीकडची पाने पानांच्या रंगतक्त्याशी लावून बघा. कमी मात्रेचा भाग फिका दिसला तर वाचवलेला युरिया तेव्हाच, पाणी उतरवून, द्या.