ड्यूटीची सोय झालीय? मग तर रजा नाकाराच

अर्ज पाहून दचकू नका. नुकतेच खुर्चीवर बसलेले प्रशासक तुम्ही, त्यामुळे 'क्रिटिकल केअर नर्सिंगच्या एक वर्षाच्या पदविकेसाठी अध्ययन रजा' असं वाचलं की तुमचा हात सवयीने 'मनुष्यबळ अपुरे' या शेऱ्याकडे जाईल. पण या सिस्टरबाई पक्क्या आहेत. त्यांनी अर्जासोबत पुढच्या ड्यूटीची सोयही जोडली आहे, आणि तुमचा सगळ्यात जुना, विश्वासू शेरा बाद केला आहे.

आधी कागद वाचायची चूक करू नका. तरी वाचलातच, तर हिशेब असा दिसेल: सहा खाटांचा आयसीयू, दर पाळीला तीन नर्स, म्हणजे दिवसाला नऊ आणि तीस दिवसांत 270 ड्यूट्या. साप्ताहिक सुट्ट्या वजा जाता एक नर्स महिन्याला 26 ड्यूट्या करते. अकरा जणींच्या 286 होतात, वरच्या सोळा आजारपण आणि किरकोळ रजांत जिरतात. बाई गेल्या की उरतात 260, म्हणजे दहा कमी. म्हणून सर्जिकल वॉर्डातली एक स्टाफ नर्स आयसीयूत यायला तयार आहे, आणि तिच्या जागी दीर्घ रजेवरून परतणारी नर्स रुजू होतेय. दोघींची लेखी संमती आहे, दोन्ही वॉर्डांच्या इन-चार्ज सिस्टरांच्या सह्या आहेत. इथे क्षणभर वाईट वाटेल. वाटू द्या, मग पुढे चला.

डोकं गार ठेवून विचारा, "येणारीला आयसीयू झेपेल का?" प्रश्न खरा आहे, हेच त्याचं सौंदर्य. रोस्टरवर डोकी भरली म्हणजे पाळी भरत नाही. व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म वाजला तर नळी दुमडलीय, कफ साचलाय की रुग्ण मशीनशी झगडतोय हे तिला कळलं पाहिजे. लो प्रेशरचा वाजला तर सर्किट कुठे सुटलंय ते हाताने चाचपता आलं पाहिजे. नॉरअ‍ॅड्रेनालिनची सिरिंज संपत आली की दुसरी आधीच भरून तयार हवी, कारण बदलताना औषध थांबलं तर रक्तदाब बघता बघता कोसळतो. रात्री तीन वाजता हे शिकवायला कोणी बसलेलं नसतं.

पण बाईंनी तेही लिहून ठेवलंय! रजेआधी बारा दिवस येणारी नर्स त्यांच्यासोबत जादा म्हणून उभी राहील, त्यातल्या चार रात्रपाळ्या. पहिल्या दोन महिन्यांत तिच्या प्रत्येक पाळीला एक जुनी नर्स असेल. एवढं तर तुमच्या कार्यालयानेही कधी केलं नव्हतं. म्हणून या पानावर बोट ठेवू नका, नाहीतर मंजुरी द्यावी लागेल.

त्याऐवजी हुकमी डाव टाका. टिपणीत लिहा: 'ज्या अर्थी सदर परिचारिकेविना काम चालू शकते, त्या अर्थी सदर पदाच्या आवश्यकतेबाबत फेरविचार व्हावा.' सोय नसती तर 'सोय नाही' म्हणून रजा नाही. सोय आहे म्हणून पदच जादा. बाईंना घाम फुटेल. युनियनला फुटला तर मात्र टिपणी मागे घ्या आणि फाइलवर 'चर्चा करावी' एवढंच लिहा. कुणी, कुणाशी आणि कधी, हे लिहायचं नसतं.

आता कॅलेंडर तुमच्या बाजूने आहे. प्रवेशाची शेवटची तारीख 25 आणि अर्ज तुमच्या टेबलावर 3 तारखेला आलाय. आठवडाभराने 'योग्य मार्गाने सादर नाही' म्हणून परत पाठवा. तो योग्य मार्गानेच आला होता, पण मेट्रनच्या सहीखाली तारीख नव्हती. 14 ला तारीख घालून परत येईल. मग बंधपत्र मागा: पदविकेनंतर इथेच सेवा करण्याची हमी. ती द्यायला बाई एका पायावर तयार असतील, म्हणून नमुना मात्र देऊ नका. 22 ला त्या स्वतःच टाइप करून आणतील. त्या दिवशी तुम्ही मीटिंगला असा.

26 ला सही करा. 'प्रवेशाची मुदत संपल्याने अर्ज निकाली.' नकाराचा शब्दही नाही, अपिलाला जागा नाही.

राहिली ती सर्जिकल वॉर्डातली नर्स. बिचारी वरिष्ठांच्या मंजुरीची वाट न पाहता, आपल्या सुट्टीच्या दिवशी येऊन सिरिंज पंप शिकत होती. तिला ओपीडीत केसपेपरच्या खिडकीवर बसवा.

आणि हो, पुढच्या महिन्यात वर पाठवायचं पत्र आत्ताच टाइप करून ठेवा: 'आयसीयूसाठी विशेष प्रशिक्षित परिचारिका उपलब्ध होत नाहीत.' मसुदा नीट तपासून घ्यायचा असेल तर त्याच सिस्टरबाईंना बोलवा. हिशेब त्यांचा पक्का आहे, आणि आज त्यांची रात्रपाळी आहे, म्हणजे दिवसा मोकळ्याच असतील.