जोडलंय, पण कोणाशी?

गिंबलचं मुख्य काम फोन न थरथरता धरून ठेवणं. आणि या कामासाठी त्याला फोनशी एक शब्दही बोलावा लागत नाही. दांड्याच्या वरच्या अंगाला तीन मोटरी असतात. एक फोनला डावी-उजवीकडे फिरवते, दुसरी वर-खाली करते आणि तिसरी त्याला तिरका होऊ देत नाही. आतला जायरो हात किती हलला ते मोजत राहतो आणि मोटरी तेवढ्याच उलट फिरतात. फोन बंद असला तरी चालतं. फोनच्या वजनाची साबणाची वडी चिमट्यात नीट तोलून बसवली, तर गिंबल तिलाही तितक्याच निष्ठेने सरळ धरेल. मात्र तोल नीट हवा. फोन एका बाजूला जड बसला की मोटरी गुरगुरायला लागतात आणि बॅटरी भराभर उतरते.

मग हे ब्लूटूथचं प्रकरण कशाला? त्यात माझा एक आख्खा रविवार गेला.

कारण घडलं पाडव्याचं. गिरगावच्या शोभायात्रेत आमची कन्या ढोल वाजवणार होती. तिचं गेल्या वर्षीचं चित्रीकरण माझ्या हातचं. ते पाहताना आमच्या मंडळींना गरगरलं होतं आणि तेव्हापासून घरात माझ्या हातांना ‘ते हात’ म्हणतात. शेजारच्या खोलीतला मोन्या हल्ली नोकरीसाठी पुण्याला असतो. त्याने मागच्या खेपेला जाताना आपलं गिंबल माझ्या स्वाधीन केलं होतं. म्हणाला, “काका, ॲप टाका, जोडा, झालं.” या तीन क्रियापदांपैकी पहिलं मला लगेच जमलं.

ॲपने उघडल्या उघडल्या माझं लोकेशन मागितलं. मी गिरगावात, माझ्याच खाटेवर बसलेलो. हे त्याला कळून काय करायचं होतं? पण यात ॲपचा लबाडपणा नसतो. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत नियमच तसा आहे. आजूबाजूला कोणती ब्लूटूथ यंत्रं आहेत हे शोधणाऱ्या ॲपला, मॉलमध्ये भिंतीला लावलेल्या ठिपक्याएवढ्या यंत्रांवरून तुम्ही कुठे उभे आहात हेही ताडता येतं. म्हणून शोध घ्यायची परवानगी आणि लोकेशनची परवानगी एकातच बांधली. अँड्रॉइड १२ ने २०२१ मध्ये ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी काढली. माझा फोन त्याच्या आधीच्या पिढीतला. परवानगी नाकारली की ॲप भांडत नाही, नुसतं ‘उपकरण सापडले नाही’ म्हणून गोल फिरत बसतं. मी परवानगी दिली, लोकेशनही चालू केलं. तरी तेच. उपकरण सापडले नाही.

आता मजा बघा. गिंबलवरचा निळा दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं: लुकलुकणारा दिवा म्हणजे जोडीदार शोधतोय, स्थिर दिवा म्हणजे जोडलेला आहे. म्हणजे ते कोणाशी तरी जोडलेलं होतं. आणि असं यंत्र एकदा एका फोनशी जोडलं गेलं की ‘मी इथे आहे’ अशी हाक देणंच बंद करतं. दुसरा फोन कितीही शोधू दे, त्याच्या लेखी ते जगातच नसतं.

मी वैतागून शटरचं बटण दाबलं. पलीकडच्या खोलीतलं कीर्तन जरा मोठं झालं.

पुन्हा दाबलं. बुवांचा आवाज आणखी चढला. आणखी दोनदा दाबल्यावर टाळ-मृदंगासह अख्खी गाथा भिंतीतून माझ्या खोलीत आली आणि गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, “आजी, जरा हळू!”

झालं होतं असं. मोन्याने पुण्याला जाताना जुना फोन आजींना दिला. गिंबल पूर्वी त्याच फोनला जोडलेलं. बटण दाबून गिंबल चालू केलं की ते ओळखीच्या फोनकडे आपणहून धाव घेतं, आणि आमच्या चाळीची भिंत काही ब्लूटूथला अडवण्याइतकी जाड नाही. आजी आपल्या निवांत यूट्यूबवर कीर्तन ऐकत होत्या आणि मी इकडून त्यांचा आवाज वाढवत होतो. त्यांना मुळात कमी ऐकू येतं. मी गेलो तेव्हा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, “आज फोन कसा छान चाललाय बघ!”

त्यांच्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून गिंबलचं नाव काढून टाकलं. घरी येऊन माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये शोधलं, सापडलं, जोडलं. ‘कनेक्टेड’ असं हिरवं लिहून आलं. फोनचा नेहमीचा कॅमेरा उघडून शटर दाबलं तर फोटो खटकन निघाला. मी विजयी मुद्रेने घरच्या ग्रुपवर बातमी टाकायला गेलो, तर कीबोर्डच वर येईना. टाइप करायच्या जागी नुसती रेघ लुकलुकत होती. आणि ॲप? ॲपचं अजूनही ‘उपकरण सापडले नाही’.

मोन्याला फोन केला.

“काका, तुम्ही सेटिंगमधून जोडलंत का?”

“मग कुठून जोडणार? चुलीतून?”

“ती जोडणी कॅमेऱ्यासाठी असते. ॲपची वेगळी.”

“अरे, कॅमेरा फोनमध्ये, ॲप फोनमध्ये, गिंबल एकच. जोडण्या दोन कशाला?”

याचं उत्तर त्याने दिलं, आणि ते खरंच ऐकण्यासारखं आहे. फोनच्या सेटिंगमधून जोडलं की गिंबल फोनला सांगतं, ‘मी एक कीबोर्ड आहे.’ एवढंच. त्या कीबोर्डवर कळ मुख्यतः एकच, आवाज वाढवण्याची. कॅमेरा उघडा असताना आवाजाची कळ दाबली की फोटो निघतो, ही सोय बहुतेक फोनांत पूर्वीपासून आहे. गिंबल तिचाच फायदा घेतं. हे बेस्टच्या बसमधल्या दोरीच्या घंटीसारखं आहे. टिंग वाजली की थांबायचं. दोरी कंडक्टरने ओढली की लोंबकळणाऱ्या पोराने, हे ड्रायव्हर विचारत नाही. कॅमेराही विचारत नाही. कॅमेरा बंद असला तर तीच कळ मुकाट्याने कीर्तनाचा आवाज वाढवते. आणि खरा कीबोर्ड हजर आहे अशी समजूत झाल्यावर फोन पडद्यावरचा कीबोर्ड कशाला दाखवेल? (अँड्रॉइडमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’च्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरचा परत आणता येतो. पण ते मला तेव्हा कोण सांगणार? विचारायला टाइप करावं लागतं.)

घंटीवरून संभाषण होत नाही, आणि ॲपला नेमकं संभाषण हवं असतं. बॅटरी किती उरली, कोणत्या मोडमध्ये आहेस, मोटरी तपासून घे, नवं फर्मवेअर घे, आणि मुख्य म्हणजे ‘चेहरा डावीकडे सरकला, तूही सरक’. हे सगळं दोन्ही बाजूंनी, सेकंदाला अनेकदा. त्यासाठी ॲप ब्लूटूथ लो एनर्जीवरून गिंबलशी स्वतःची वाट उघडतं. ती सेटिंगच्या यादीतून उघडत नाही, ॲपच्या आतूनच उघडावी लागते.

“मग फोनचा नेहमीचाच कॅमेरा लावतो आणि ॲप मागे चालू ठेवतो,” मी म्हणालो. “घंटीही राहील, संभाषणही राहील.”

“चेहरा कोण बघणार मग?”

इथे खरी गोम होती. चेहऱ्याचा माग काढायला ॲपला चित्र दिसावं लागतं. फोनचा कॅमेरा ॲप आपलं चित्र दुसऱ्या कुठल्याही ॲपला दाखवत नाही. आणि एकाने भिंगाचा ताबा घेतला की दुसऱ्याला तो सोडावा लागतो. म्हणून ॲपमध्ये स्वतःचा वेगळा कॅमेरा असतो. माग हवा असेल तर तोच उघडायचा. गिंबल बिचारं आंधळं आहे, त्याला भिंगच नाही. चित्र फोनमध्येच राहतं, ब्लूटूथवरून फक्त हुकूम जातात. ॲपलने २०२३ मध्ये आयओएस १७ सोबत डॉककिट नावाची सोय आणली. तिच्यात हे मध्यस्थाचं काम फोनची प्रणाली स्वतः करते, त्यामुळे तिथे नेहमीच्या कॅमेऱ्यातही माग लागतो, अर्थात गिंबल त्या सोयीचं असेल तर. माझा फोन आणि मोन्याचं गिंबल, दोघेही त्या सोयीच्या बाहेरचे.

मग मोन्याने क्रम सांगितला. सेटिंगमधून गिंबल काढून टाक. गिंबल बंद करून परत चालू कर आणि दिवा लुकलुकतोय ना ते बघ. आता सेटिंगकडे ढुंकूनही न बघता सरळ ॲप उघड आणि आतूनच जोड. ते जमल्यावर हवं तर सेटिंगमधून घंटीही जोड. उलट केलंस तर घंटीच जागा अडवून बसते. जोडल्या जोडल्या लगेच तुटत असेल, तर एका बाजूने जुनी ओळख पुसली आहे आणि दुसरी बाजू ती धरून बसली आहे, तेव्हा दोन्हीकडून पुसून घे.

या क्रमाने जोडलं आणि ते जोडलं गेलं. सायंकाळी सौभाग्यवती स्वयंपाकघरात इकडून तिकडे जात होत्या आणि गिंबल मान वळवून त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. “अहो, ते बंद करा,” असं फर्मान आलं, म्हणजे माग उत्तम लागत होता.

पाडव्याला ठाकूरद्वारच्या नाक्यावर मात्र वेगळंच घडलं. ॲपमध्ये लेकीच्या चेहऱ्याभोवती चौकट ओढली. पथकातल्या साऱ्यांचे फेटे एकाच रंगाचे, नऊवाऱ्या एकाच रंगाच्या. मध्ये कोणाचा तरी झेंडा फडकला, चेहरा क्षणभर झाकला गेला. झेंडा हटला तेव्हा गिंबल एका ताशावाल्याच्या प्रेमात पडलं होतं. मी कळ फिरवून त्याला परत आणावं, त्याने पुन्हा ताशाकडे वळावं. चेहरा झाकला गेला की माग तुटतो, आणि एकसारख्या दिसणाऱ्या गर्दीत तो परत बरोबर जुळेलच असं नाही. शेवटी ॲप बंद केलं, फोनचा नेहमीचा कॅमेरा उघडला आणि घंटीवर काम भागवलं. उन्हातले रंगही त्याचेच जास्त चांगले आले. थरथर तर गिंबल कोणालाही न विचारता थांबवतंच. लेकीचं संपूर्ण वादन मिळालं. ताशावाल्याचंही बरंच मिळालंय, कोणाच्या ओळखीचा असेल तर पाठवीन.

दोन दिवसांनी आजी दारात उभ्या. हातात फोन.

“अरे, त्या दिवशी आवाज कसा आपोआप मोठा व्हायचा. तू येऊन काय केलंस कोण जाणे, बुवा पुन्हा पुटपुटायला लागलेत.”

मी त्यांना फोनच्या कडेचं आवाजाचं बटण दाखवलं. त्यांनी ते चष्म्यातून आणि चष्म्यावरून, दोन्हीकडून पाहिलं.

“एवढंसं बटण कोण शोधत बसेल? ते परत जोडून दे. नि साडेचार वाजले की तूच तिकडून दाबत जा.”