रमेश पी. एस. नावाचा माणूसच नाहीये

पंधरा दिवसांपूर्वी रावेरकडचा एक पीएचडीचा पोरगा भेटला, त्याच्या थिसिसमध्ये केळीवरच्या करप्याचा माझा पेपर होता, पण संदर्भयादीत `Patil, S. R.` ऐवजी नाव `Ramesh, P. S.`! रमेश माझे वडील. त्यांनी आयुष्यभर केळी लावली, पेपर नाही लिहिला.

झालं काय, आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. सहलेखकाने जर्नलचा फॉर्म त्याच क्रमाने भरला, म्हणजे फर्स्ट नेमच्या डब्यात पाटील आणि लास्ट नेममध्ये रमेश. पीडीएफ मी स्वतः तपासली होती, तिथे `S. R. Patil` बरोबर होतं, म्हणून मी निश्चिंत. पण वेबपेजवर `S. Patil` आणि क्रॉसरेफ, म्हणजे जर्नल्सच्या पेपरांची माहिती नोंदवून ठेवणारी संस्था, तिच्या नोंदीत हे:

```
"given": "Patil S.", "family": "Ramesh"
```

तुम्हाला स्वतःचं बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये `api.crossref.org/works/` लिहून पुढे पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक टाका, लगेच दिसतं. संदर्भयादी बनवायच्या झोटेरो सॉफ्टवेअरमध्ये डीओआय टाकला की तो साधारण हीच नोंद उचलतो, पीडीएफवर काय छापलंय ते बघत नाही, म्हणून त्या पोराची काहीच चूक नव्हती.

मी जर्नलला पहिला ईमेल केला तो दोन ओळींचा, "माझं नाव दुरुस्त करा". त्यांनी वेबपेज दुरुस्त केलं आणि झालं म्हणून कळवलं, क्रॉसरेफ मात्र तसंच. दुसऱ्यांदा नीट बसून लिहिला. कुठे काय दिसतंय ते एकेक जागा घेऊन लिहिलं, म्हणजे पीडीएफ, वेबपेज, 'हाउ टू साइट'चा मजकूर, डाउनलोड होणारी सायटेशन फाइल आणि क्रॉसरेफ, प्रत्येकाचा स्क्रीनशॉट जोडला. खाली स्पष्ट लिहिलं की आडनाव `Patil`, इनिशियल्स `S. R.`, सगळीकडे हेच ठेवा, आणि दुरुस्त मेटाडेटा क्रॉसरेफला पुन्हा पाठवा, डीओआय तोच राहतो. संशोधकाची ओळख पटवणारा माझा ऑर्किड नंबरही दिला. आठवड्यात सगळं बदललं.

एक मित्र म्हणे, "नावच ना भो, काय फरक पडस?" अरे पडतो ना! आपल्या खान्देशात एकेका डिपार्टमेंटला चार चार पाटील आन तीन चौधरी, त्यात कोणी `Chaudhari` लिहितो कोणी `Chaudhary`, तिथे मधलं इनिशियल गेलं की माझा पेपर दुसऱ्याच्या प्रोफाइलला चिकटतो नाहीतर एका माणसाचे दोन प्रोफाइल होतात. आणि ज्या मुलींचं लग्नानंतर मधलं नावही बदलतं आणि आडनावही, त्यांचे तर अर्धे पेपर सापडतच नाहीत. ऑर्किडने माणूस ओळखता येतो हे खरं, पण पेपरवर नाव कसं दिसावं ते ऑर्किड ठरवत नाही, ते जर्नलनेच करायचं असतं, म्हणून ईमेल करायलाच लागतो.

त्या पोराने त्याच्या सॉफ्ट कॉपीत नाव बदललं. थिसिसची बाइंडिंग झालेली प्रत मात्र आधीच जमा झालेली, तिच्यात रमेशच राहणार.